तारीख कुणाची? घराचा उशीर, परतावा आणि रेराच्या कलम १८ ची अपुरी बाजू

(पारशिवनी येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



पारशिवनीत येऊन बिल्डर आणि फ्लॅटबद्दल बोलायचं म्हटलं, तर कुणी म्हणेल, भाऊ, आमच्याकडं कुठं आले टॉवर? खरं आहे. पण इथली कमाई कुठं गुंतते ते पाहा. पोरगा नागपूरला नोकरीला लागला की त्याच्यासाठी फ्लॅट, आणि फ्लॅट झेपला नाही तर रस्त्यालगतच्या लेआउटमध्ये प्लॉट. शिवाय पारशिवनी तालुका नागपूर महानगर क्षेत्रात धरलेला आहे, म्हणजे रेरा कायदा ज्याला नियोजन क्षेत्र म्हणतो, तो तुमच्या दारापर्यंत आलेला आहे.

या कायद्यावर आजवर दोन प्रकारची भाषणं झाली. एक म्हणतं, रेरा आला, ग्राहक राजा झाला. दुसरं म्हणतं, काही उपयोग नाही, सगळे मिळालेले आहेत. मला दोन्ही पटत नाहीत. मी आज एकाच कलमाची तपासणी करणार आहे, कलम १८. घराचा ताबा ठरल्या दिवशी मिळाला नाही तर काय, हे सांगणारं कलम. माझं म्हणणं असं, की हक्क देताना हे कलम फार भक्कम आहे आणि पैसा हातात देताना फार ढिलं आहे. ही ढिलाई कुठं आहे ते कळलं तर ग्राहकाला ती बरीचशी स्वतः भरून काढता येते.

जुन्या कायद्यात काय होतं

परतावा हा काही रेराचा शोध नाही. महाराष्ट्रात १९६३ पासून फ्लॅटखरेदीचा कायदा आहे, ज्याला आपण मोफा म्हणतो. त्याच्या कलम ८ मध्येच लिहिलं होतं की करारातल्या तारखेला ताबा दिला नाही, तर ग्राहकानं मागणी करताच बिल्डरनं घेतलेली रक्कम ९ टक्के सरळ व्याजानं परत करायची. आणि पुढं एक वाक्य होतं, ते लक्षात ठेवा. ही रक्कम आणि व्याज त्या जमिनीवर आणि बांधकामावर बोजा राहील, असं ते वाक्य. अगोदरचे बोजे वगळून, अर्थातच.

म्हणजे हक्क होता, बोजासुद्धा होता. नव्हतं ते दार. दिवाणी कोर्टात जा, नाही तर ग्राहक मंचात जा, आणि वर्षं मोजत बसा.

मग आला २०१६ चा स्थावर संपदा कायदा, म्हणजे रेरा. त्याची मुख्य कलमं १ मे २०१७ पासून लागू झाली आणि आपल्याकडं महारेरा उभं राहिलं. मुख्यालय मुंबईला, पण नागपूरलाही कार्यालय आहे. दार मिळालं. कलम १८ सांगतं: करारात ठरलेल्या तारखेपर्यंत बिल्डर ताबा देऊ शकला नाही, तर ग्राहकापुढं दोन वाटा आहेत. एक, प्रकल्पातून बाहेर पडायचं आणि सगळी रक्कम व्याजासह परत घ्यायची. दोन, प्रकल्पात राहायचं आणि ताबा मिळेपर्यंत उशिराच्या प्रत्येक महिन्याचं व्याज घ्यायचं. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे व्याजाचा दर म्हणजे स्टेट बँकेचा सर्वात जास्त एमसीएलआर अधिक २ टक्के.

पण दार मिळताना बोजाचं ते वाक्य मात्र नव्या कलमात आलं नाही. माझ्या टीकेचा गाभा तो आहे. तिथं येतो, आधी तारखेचं बघू.

दोन तारखा

कलम ३ म्हणतं, नोंदणी केल्याशिवाय प्रकल्पाची जाहिरात करायची नाही, बुकिंग घ्यायचं नाही, विकायचं नाही. कायदा आला तेव्हा जे प्रकल्प अर्धवट होते, पूर्णत्वाचा दाखला नव्हता, त्यांनाही तीन महिन्यांत, म्हणजे जुलै २०१७ अखेरपर्यंत अर्ज करायचा होता. अर्ज करताना बिल्डर स्वतः लिहून देतो की प्रकल्प अमुक तारखेला पूर्ण करीन. अर्धवट प्रकल्पांनी काय केलं? ग्राहकाच्या करारात २०१८ लिहिलेलं होतं, नोंदणीच्या अर्जात २०२१ लिहिलं. आणि उशीर झाल्यावर सांगू लागले, साहेब, सरकारनंच मला २०२१ पर्यंत वेळ दिली.

हा वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला. नीलकमल रिअल्टर्सच्या प्रकरणात ६ डिसेंबर २०१७ ला निकाल लागला. न्यायालयानं कायदा वैध ठरवला आणि तारखेचं स्पष्ट केलं. बिल्डरला नोंदणीत नवी तारीख लिहायची मुभा आहे, ती प्रकल्प पुरा व्हावा म्हणून. पण कलम १८ खालचा उशीर मोजायचा तो ग्राहकाच्या करारातल्या तारखेपासून. रेरा तुमचा करार नव्यानं लिहून देत नाही.

हा निकाल ग्राहकाच्या बाजूचा आहे, पण त्याची उलटी बाजू लोक विसरतात. करार कायदा बदलत नसेल, तरी तुम्ही स्वतः बदलू शकता. बिल्डरच्या ऑफिसातून फोन येतो, काका, बँकेच्या कामासाठी एक पुरवणी करार करायचा आहे, सही करून जा. आत कुठंतरी ताब्याची नवी तारीख असते. किंवा सलोख्याच्या बैठकीत सगळे चहा पितात आणि तडजोडीच्या कागदावर नवी तारीख लिहिली जाते, पण ती चुकली तर काय, हे लिहिलंच जात नाही. ज्या दिवशी ती सही झाली, त्या दिवशी निकालानं राखून ठेवलेली तारीख तुम्ही परत देऊन टाकली.

एक हिशेब मांडू

आकडे सोपे घेऊ, समजायला. समजा इथल्या एका शिक्षकांनी नागपुरात २८ लाखांचा फ्लॅट घेतला. करार नोंदला १ जानेवारी २०१६ ला आणि त्याच दिवशी ५ लाख दिले. १ जानेवारी २०१७ ला १० लाख, १ जुलै २०१७ ला ५ लाख. एकूण २० लाख. करारात ताब्याची तारीख ३० जून २०१८. बिल्डरनं महारेराकडं लिहिली ३१ डिसेंबर २०२१. गुरुजींनी २०१९ मध्ये तक्रार केली आणि आपण हिशेब १ जानेवारी २०२० पर्यंत करू. दर धरू सरळ १० टक्के.

पहिली वाट, बाहेर पडणं. इथं व्याज उशिराच्या दिवसापासून नाही, तर बिल्डरला पैसा मिळाला त्या दिवसापासून. व्याजाची व्याख्याच कायद्यात तशी आहे. पहिल्या ५ लाखांवर चार वर्षांचे २ लाख. १० लाखांवर तीन वर्षांचे ३ लाख. शेवटच्या ५ लाखांवर अडीच वर्षांचे सव्वा लाख. व्याज सव्वासहा लाख, आणि मुद्दल धरून सव्वासव्वीस लाख.

दुसरी वाट, थांबणं. इथं व्याज १ जुलै २०१८ पासून. २० लाखांवर महिन्याला साधारण १६,६६७ रुपये. दीड वर्षाचे ३ लाख, आणि ताबा मिळेपर्यंत मीटर चालूच. गुरुजींकडून बिल्डरला अजून ८ लाख येणं आहे, त्यातून हे ३ लाख वळते करून मागता येतात.

कागदावर पहिली वाट दुपटीहून मोठी दिसते. पण दोन आकड्यांचा स्वभाव वेगळा आहे. दुसऱ्या वाटेतले ३ लाख तुमच्याच खिशात आहेत, कारण ते तुम्ही द्यायच्या रकमेतून कापायचे आहेत. पहिल्या वाटेतले सव्वासव्वीस लाख बिल्डरच्या खिशातून यायचे आहेत. ज्याच्याकडं स्लॅब टाकायला पैसा नाही, त्याच्याकडं परतावा द्यायला कुठून येईल? वकिलानं हा प्रश्न तक्रार करण्याआधी विचारायला हवा, पण बरेचदा तो निकालानंतर विचारला जातो.

इमारत खरंच पुढं जातेय का, हे कसं कळेल

त्यासाठी नोंदणीचाच उपयोग आहे. `maharera.maharashtra.gov.in` वर जा, प्रकल्पाचा क्रमांक टाका. नागपूर जिल्ह्यातले जुने क्रमांक P50500 नं सुरू होतात. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीवर क्यूआर कोडही बंधनकारक आहे, तो फोननं वाचला तरी ते पान उघडतं.

लोक तिथं फक्त नोंदणी आहे की नाही बघतात आणि समाधानानं बंद करतात. नोंदणी म्हणजे सरकारची हमी नव्हे. प्राधिकरणानं ३० दिवसांत अर्जावर निर्णय दिला नाही तर प्रकल्प नोंदला गेला असं समजावं, असं कलम ५ मध्येच आहे. आतली माहिती बिल्डरच्या स्वतःच्या घोषणेची असते.

बघायचं ते वेगळं. ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के वेगळ्या बँक खात्यात ठेवायची आणि त्यातून काढायची ती कामाच्या प्रमाणात, असा नियम आहे. काढताना वास्तुविशारदाचा दाखला लागतो, तो फॉर्म १. अभियंत्याचा फॉर्म २. सनदी लेखापालाचा फॉर्म ३. फॉर्म १ मध्ये तुमच्या इमारतीचं काम टप्प्याटप्प्यानं किती टक्के झालं ते असतं. गुरुजींनी २८ पैकी २० लाख दिले, म्हणजे सुमारे ७१ टक्के. फॉर्म १ मध्ये काम ४० टक्क्यांवर अडलेलं आणि सलग तीन तिमाह्या आकडा हललेला नाही, तर समजा की पैसा इमारतीत गेलेला नाही. माहिती दर तिमाहीला भरायची असते. ती भरणंच बंद झालं असेल, तर तोही एक उत्तरच आहे.

आकडा हळू का होईना सरकत असेल तर थांबून व्याज घेण्यात बहुतेकदा शहाणपण असतं. आकडा गोठलेला असेल तर बाहेर पडायचं, आणि लवकर पडायचं. कारण वसुलीच्या रांगेत तुमच्या मागं माणसं वाढत जाणार आहेत.

हक्क पक्का, वसुली कच्ची

परताव्याच्या हक्काबद्दल सर्वोच्च न्यायालयानं ११ नोव्हेंबर २०२१ ला न्यूटेक प्रमोटर्सच्या निकालात फार मोठी गोष्ट सांगितली. प्रकरण उत्तर प्रदेशचं, पण लागू सगळ्यांना. तारीख चुकली की परतावा मागण्याचा ग्राहकाचा हक्क बिनशर्त आहे. उशीर का झाला, कोर्टाचा स्थगिती आदेश होता का, याच्याशी त्याचा संबंध नाही. परतावा आणि व्याज प्राधिकरणानं द्यायचं, आणि त्याहून वेगळी नुकसानभरपाई हवी असेल तर ती न्यायनिर्णय अधिकाऱ्याकडं मागायची. आणि बिल्डरला अपील करायचं असेल तर ग्राहकाला द्यायची पूर्ण रक्कम आधी अपिलीय न्यायाधिकरणात भरावी लागते, ही कलम ४३ ची अटही न्यायालयानं कायम ठेवली.

ऐकायला किती छान! पण बिल्डरनं अपील केलंच नाही आणि पैसेही दिले नाहीत तर? नियमाप्रमाणे परतावा ३० दिवसांत द्यायचा. नाही दिला तर कलम ४० खाली तो जमीन महसुलाची थकबाकी म्हणून वसूल होतो. महारेरा वसुली वॉरंट काढतं, ते जिल्हाधिकाऱ्यांकडं जातं, तिथून तहसीलदारांकडं. आणि तहसीलदार कोण? पीकपाहणी, निवडणूक, टंचाई, अतिवृष्टीचे पंचनामे हे सगळं बघणारा तोच माणूस. त्याच्या टेबलावर तुमचं वॉरंट. हे दुखणं महारेरालाही कळलेलं आहे, म्हणूनच मुंबई उपनगर आणि पुण्यात या वसुलीसाठी निवृत्त महसूल अधिकारी नेमावे लागले.

शिवाय तहसीलदारानं जप्त करायचं काय? बिल्डरच्या नावावरचे न विकलेले फ्लॅट, जमीन, बँक खाती. ती कुठं आहेत हे त्याला कोण सांगणार? इथं ते हरवलेलं वाक्य आठवा. मोफानं १९६३ मध्ये परताव्याची रक्कम जमीन आणि बांधकामावर बोजा केली होती. बोजा म्हणजे मालमत्ता विकली तरी तुमचं देणं तिला चिकटून राहतं. कलम १८ मध्ये तसा शब्द नाही. म्हणजे नव्या कायद्यानं दार दिलं आणि जुन्या कायद्यातली खुंटी काढून घेतली. माझ्या मते कायदा करणाऱ्यांची ही सर्वात महागात पडलेली चूक आहे, आणि कलम १८ मध्ये एक वाक्य घालून ती दुरुस्त होऊ शकते.

तोवर तुम्ही काय करायचं? तीन गोष्टी.

तक्रारीतल्या मागणीत साफ लिहा, की रक्कम फिटेपर्यंत माझ्या फ्लॅटवर तिचा बोजा ठेवावा. महारेराच्या अनेक आदेशांत असा बोजा ठेवलेला आहे, पण न मागता मिळेल असं धरून चालू नका. मोफा अजून रद्द झालेला नाही, त्याच्या कलम ८ चा आधार घ्या.

आदेश पाळला नाही की पालन न झाल्याचा अर्ज लगेच करा, आणि सोबत बिल्डरच्या मालमत्तेची यादी स्वतः द्या. न विकलेले फ्लॅट महारेराच्या पानावर दिसतात, जमिनीचा सातबारा ऑनलाइन निघतो.

आणि पैसे पूर्ण हातात पडेपर्यंत करार रद्द केल्याचा दस्त नोंदवू नका. तो नोंदवला की फ्लॅटवरचा तुमचा हक्क संपला आणि उरला फक्त आदेशाचा कागद. पण इथं एक कात्री आहे. रद्द झालेल्या करारावरचं मुद्रांक शुल्क परत हवं असेल, तर करार झाल्यापासून पाच वर्षांच्या आत रद्दपत्र नोंदवावं लागतं आणि त्यानंतर सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो. गुरुजींचा करार जानेवारी २०१६ चा, म्हणजे मुदत जानेवारी २०२१ ला संपली. वसुली तोवर झाली नाही, तर मुद्रांक शुल्क सोडायचं की फ्लॅटवरची पकड सोडायची? मी म्हणेन, शुल्क सोडा, पकड ठेवा. आणि ते शुल्क नुकसानभरपाईच्या अर्जात बिल्डरकडून मागा.

लेआउटवाल्यांचं काय

शेवटी प्लॉटबद्दल दोन शब्द. जमिनीचे प्लॉट पाडून विकणं हाही रेराच्या व्याख्येत प्रकल्पच आहे. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीला किंवा आठपर्यंतच्या फ्लॅटला नोंदणीतून सूट आहे, पण ती सगळे टप्पे मिळून. दोन एकराचे छोटे तुकडे दाखवून सूट घेता येत नाही. आणि नोंदणीकृत करार केल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायलाही मनाई आहे. तरी आपल्याकडं पाचशेच्या स्टॅम्पवर इसारपत्र होतं, निम्मे पैसे जातात, आणि ताब्याची तारीख कुठं लिहिलेलीच नसते. सर्वोच्च न्यायालयानं फॉर्च्युन इन्फ्रास्ट्रक्चरच्या निकालात २०१८ मध्ये म्हटलं आहे की तारीख नसेल तर वाजवी मुदत धरावी, आणि त्या प्रकरणात तीन वर्षं धरली. पण तीन वर्षं वाट बघून भांडण्यापेक्षा कागदावर एक तारीख लिहून घेणं सोपं.

प्रश्न असेल तर विचारा.

श्रोता: सर, माझ्या भावानं ओ.सी. नसताना चावी घेतली. बिल्डर म्हणाला, फर्निचर करून घ्या. आता तो म्हणतो, ताबा दिला, उशीर संपला.

वक्ते: हे फार ठिकाणी होतं. भोगवटा प्रमाणपत्राशिवाय दिलेली चावी हा कायदेशीर ताबा नाही, त्यामुळं व्याज तिथं थांबायला नको, असं भांडता येतं. पण चावी घेताना त्यांनी ताबा पावतीवर सही केली का, आणि तिच्यात माझी काही तक्रार नाही असं लिहिलं आहे का, ते आधी घरी जाऊन बघा. तसं असेल तर आजच बिल्डरला पत्र टाका, ओ.सी. मागा आणि पोच घ्या. नसेल, तर ती पावती मागायला कुणी आलं तरी वाचल्याशिवाय सही करू देऊ नका.